बँकेचं कन्फर्मेशन पत्र आणि कंपनीचं लेजर: ३१ मार्चच्या ऑडिटमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल ते सप्टेंबर या काळात सीएची आर्टिकलशिप करणारी मुलं आणि लहान-मध्यम कंपन्यांचे अकाउंटंट हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं भारतातल्या वैधानिक लेखापरीक्षणापुरती आहेत. उदाहरणातली कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या भानगडी दरवर्षी समोर येतात.

१. बँक स्टेटमेंट हातात असताना वेगळं कन्फर्मेशन पत्र कशाला मागवायचं?

स्टेटमेंट एका खात्याचं असतं आणि ते तुम्हाला क्लायंटनं दिलेलं असतं. कन्फर्मेशनमध्ये बँकेला एकच मोठा प्रश्न विचारलेला असतो: ३१ मार्चला या कंपनीचे तुमच्याशी काय काय व्यवहार होते? त्यात चालू खाती, मुदत ठेवी, कर्जं, कॅश क्रेडिट म्हणजेच सीसी, ओव्हरड्राफ्ट, बँक गॅरंटी, लेटर ऑफ क्रेडिट, दिलेलं तारण आणि वर्षभरात बंद झालेली खाती असं सगळं येतं. क्लायंटला जे दाखवायचं नसतं ते स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, कारण त्या खात्याचं स्टेटमेंट तो तुम्हाला देणारच नाही.

दुसरं कारण स्रोताचं. पीडीएफमधला आकडा बदलायला आता पाच मिनिटं पुरतात. पत्र बँकेकडून थेट तुमच्या हाती आलं तरच त्याला पुरावा म्हणून वजन येतं. ते थेट कसं आणायचं हे पुढच्या प्रश्नात.

२. पत्र कोणी लिहायचं, सही कोणाची आणि उत्तर कोणाकडे यायला हवं?

मजकूर ऑडिटर ठरवतो. कंपनीच्या लेटरहेडवर खात्याच्या अधिकृत सहीदारांची सही लागते, कारण ग्राहकाच्या परवानगीशिवाय बँक त्याची माहिती बाहेर देत नाही. कंपनीचं काम इथेच संपतं. सही झालेलं पत्र ऑडिटरनं स्वतः शाखेला पाठवायचं, आणि उत्तर ऑडिट फर्मच्या पत्त्यावर किंवा फर्मच्या ई-मेलवर थेट यावं असं त्यातच लिहायचं. काही बँका हे काम पोर्टलवरून करतात. तिथेही विनंती ऑडिटरच्या लॉगिनमधून जावी लागते.

लेखापरीक्षणाच्या एसए ५०५ या मानकाचा गाभाच हा आहे की विनंती जाण्यापासून उत्तर येईपर्यंत सगळी प्रक्रिया ऑडिटरच्या ताब्यात राहिली पाहिजे. शाखेचा पत्ता आणि ई-मेलसुद्धा क्लायंटनं दिलेल्या कागदावरून उतरवू नका, बँकेच्या संकेतस्थळावरून पडताळून घ्या. बनावट उत्तर मिळवायला बनावट पत्ता हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

३. पत्रातला आकडा आणि लेजरचा आकडा वेगळा आला. म्हणजे कोणाची तरी चूक आहे का?

तसं नाही. ३१ मार्चला चालू खात्याचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर उलट मला आश्चर्य वाटतं, निदान चेकचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत तरी. फरक असणारच. तो कशाचा बनलेला आहे आणि त्यातला प्रत्येक तुकडा एप्रिलमध्ये कसा सुटला, हे बघायचं असतं.

एका कंपनीचं उदाहरण घेऊ. लेजरमध्ये ३१ मार्चला बँकेत १८,४२,६०० रुपये शिल्लक आहेत. बँकेच्या पत्रात १९,८७,३५० रुपये आहेत. फरक १,४४,७५० रुपयांचा. अकाउंटंटनं दिलेल्या ताळमेळपत्रकात, म्हणजे बीआरएसमध्ये, चार बाबी होत्या:

- दिलेले पण न वटलेले तीन चेक: १,२०,०००, ८६,४०० आणि ४५,०००, एकूण २,५१,४०० (मिळवा)
- भरलेला पण जमा न झालेला एक चेक: १,७५,००० (वजा)
- बँकेनं कापलेले पण पुस्तकात न आलेले शुल्क, जीएसटीसह: २,९५० (वजा)
- ग्राहकानं थेट एनईएफटीनं पाठवलेली, पुस्तकात न आलेली रक्कम: ७१,३०० (मिळवा)

१८,४२,६०० मध्ये २,५१,४०० मिळवा, १,७५,००० आणि २,९५० वजा करा, ७१,३०० मिळवा. बरोबर १९,८७,३५० येतात. आर्टिकलनं कागदावर हिरवी टिक केली आणि फाइल बंद केली. ती उघडायला का लागली ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये.

शेवटच्या दोन बाबींवर इथेच सांगतो. बँकेचं शुल्क आणि एनईएफटी हे वेळेमुळे पडलेले फरक नाहीत. ते ३१ मार्चच्या आधीच घडलेले आणि पुस्तकात लिहायचे राहिलेले व्यवहार आहेत. त्यांना बीआरएसमध्ये ठेवून चालत नाही, त्यांच्या नोंदी करूनच घ्याव्या लागतात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. त्यामुळे ‘३१ तारखेच्या रात्री पाठवले, वाटेत असतील’ हे कारण इलेक्ट्रॉनिक व्यवहाराला क्वचितच लागू पडतं.

४. न वटलेले चेक बीआरएसमध्ये किती दिवस ठेवता येतात?

१ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे. वरच्या उदाहरणात १,२०,००० चा चेक ३ एप्रिलला वटला, ८६,४०० चा ८ एप्रिलला. एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही दिसले, प्रश्न मिटला. ४५,००० चा मात्र कुठेच सापडला नाही. त्याची तारीख होती १२ डिसेंबर. म्हणजे मार्चच्या मध्यालाच तो बाद झाला होता.

अशा चेकनं बँकेतले पैसे गेलेले नाहीत आणि आता त्या कागदावर जाणारही नाहीत. नोंद उलटवायची: बँक नावे, पुरवठादार जमा. पैसे देणं संपलेलं नाही, ते देणेकऱ्यांमध्ये परत आलं एवढंच. पण नोंद उलटवून उठू नका. पुरवठादारानं चार महिने चेक का भरला नाही, हे विचारा. चेक हरवला असेल, मालाबद्दल वाद असेल, किंवा चेक पुरवठादाराकडे कधी गेलाच नसेल.

त्या शेवटच्या शक्यतेचा आणखी एक प्रकार ओळखीचा आहे. देणी कमी दिसावीत म्हणून ३१ मार्चला ढीगभर चेक लिहायचे आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचे. ते एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, ग्राहकांचे पैसे आले की, एकामागून एक सुटतात. यादीतले बहुतेक चेक पहिल्या दहा-बारा दिवसांत वटले नसतील तर चेकबुकचे काउंटरफॉइल आणि पाठवल्याच्या नोंदी मागा. ताब्यातून न सुटलेला चेक हे पेमेंट नव्हे.

५. भरलेला पण जमा न झालेला चेक खरा आहे, हे कसं कळणार?

पे-इन स्लिपवरच्या शिक्क्याच्या तारखेवरून आणि जमा झालेल्या तारखेवरून. ३१ मार्चला भरलेला चेक, १ एप्रिलची बँकांच्या वार्षिक कामाची सुट्टी धरूनही, पहिल्या काही दिवसांत जमा व्हायला हवा. उदाहरणातले १,७५,००० रुपये स्टेटमेंटमध्ये ११ एप्रिलला दिसले. स्लिप मागितली तेव्हा ‘फाइलला आहे, शोधून देतो’ असं उत्तर आलं. दोन दिवसांनी स्लिप आली. शिक्का ९ एप्रिलचा होता.

चेक एप्रिलमध्येच मिळाला होता. पावतीची नोंद मात्र मागची तारीख टाकून ३१ मार्चला केली होती, कारण ती येणी सात महिन्यांची जुनी होती आणि ती वर्षअखेरीला वसूल दाखवली की बुडीत येण्यांच्या तरतुदीवर कोणी बोलणार नव्हतं. नोंद उलटली: येणेकरी नावे, बँक जमा.

आता पूर्ण हिशेब पाहा. १८,४२,६०० मधून शुल्काचे २,९५० वजा, एनईएफटीचे ७१,३०० अधिक, मुदत संपलेल्या चेकचे ४५,००० अधिक, आणि ही १,७५,००० वजा. लेजरची सुधारित शिल्लक १७,८०,९५०. दुसऱ्या बाजूनं, बँकेच्या १९,८७,३५० मधून खरोखर बाकी असलेले दोन चेक, २,०६,४०० रुपये, वजा केले तरी १७,८०,९५० च येतात. पहिली बीआरएससुद्धा जुळत होती, हे ध्यानात घ्या. ती अंकगणितात बरोबर होती आणि तिच्यातल्या चारपैकी एकच बाब, न वटलेल्या चेकची, खऱ्या अर्थानं बीआरएसची होती. तीही पूर्ण नाही.

६. पत्रात ‘डेबिट’ लिहिलंय आणि लेजरमध्येही डेबिट आहे. मग जुळलं ना?

नाही, इथे थांबा. बँक तिच्या पुस्तकातून बोलते. तुमची ठेव हे तिचं देणं, म्हणून ती क्रेडिट. पत्रात डेबिट शिल्लक असेल तर तुम्ही बँकेला पैसे देणं लागता आणि लेजरमध्ये ती क्रेडिट हवी. सीसी आणि ओव्हरड्राफ्टच्या खात्यात ही गल्लत सगळ्यांत जास्त होते, कारण शिल्लक दोन्ही बाजूंना झुलत असते. आकडा तोच, बाजू चुकलेली, म्हणजे ताळेबंदात दुप्पट रकमेचा घोळ.

सीसी खात्याचं पत्र आलं की मंजूर मर्यादा आणि तारणाचा तपशीलही वाचा. चालू मालमत्तेच्या तारणावर बँकांकडून एकूण पाच कोटींपेक्षा जास्त मर्यादा मंजूर असेल तर ऑडिट अहवालाविषयीच्या सीएआरओ २०२० या आदेशानुसार तिमाही स्टॉक स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का, यावरही ऑडिटरला लिहावं लागतं. मर्यादेचा आकडा याच पत्रात मिळतो.

७. लेजर आणि पत्र रुपयापर्यंत जुळतंय. आता काम संपलं का?

शिलकेपुरतं संपलं. पत्रातला उरलेला मजकूर बहुतेक जण वाचतच नाहीत. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं.

समजा वीस लाखांची एफडी लेजरमध्ये आहे आणि पत्रातही आहे. शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘लिएन’ असं लिहिलंय. म्हणजे ती ठेव कशासाठी तरी अडकवलेली आहे. ती बँक गॅरंटीची मार्जिन असेल तर गॅरंटीची रक्कम आकस्मिक देण्यांत आली का ते बघा. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतला असेल तर तो ओव्हरड्राफ्ट लेजरमध्ये आहे का ते बघा. पूर्ण एफडी दाखवायची आणि तिच्यावरचं कर्ज दुसऱ्या खात्यात ठेवून विसरायचं, ही जुनी युक्ती आहे. फक्त शिल्लक जुळवणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीननुसार अडकवलेल्या ठेवी वेगळ्या दाखवाव्या लागतात, आणि बारा महिन्यांहून जास्त मुदत उरलेल्या ठेवीही.

८. एफडीच्या व्याजाचं काय? पत्रात फक्त मुद्दल आहे.

बऱ्याच शाखा मुद्दलच कळवतात. समजा वीस लाखांची ठेव १ ऑक्टोबरला सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीनं ठेवली आहे. ३१ मार्चपर्यंत पहिल्या तिमाहीचे ३५,००० आणि दुसऱ्या तिमाहीचे सुमारे ३५,६१३ रुपये व्याज झालं. पत्रात वीस लाख, लेजरमध्ये वीस लाख, जुळणी झकास. आणि सत्तर हजारांचं उत्पन्न दोन्हीकडून गायब.

उलटही घडतं. शाखा टीडीएस कापून उरलेलं व्याज मिळवलेला आकडा कळवते आणि अकाउंटंट फरक ‘राउंडिंग’ म्हणून सोडतो. व्याजाचं प्रमाणपत्र आणि कापलेला टीडीएस दाखवणारा फॉर्म २६एएस शेजारी ठेवा. टीडीएस ही कंपनीची येणी आहे, तिला खर्चात जाऊ देऊ नका.

९. पत्रात एक खातं दिसतंय, ते लेजरमध्येच नाही.

शिल्लक शून्य असली तरी सोडू नका. खातं वर्षाच्या मध्ये उघडून, पैसे फिरवून, मार्चआधी रिकामं केलेलं असू शकतं. पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट आणि खातं उघडण्याचा संचालक मंडळाचा ठराव मागा. कधीकधी उत्तर साधं असतं: एखाद्या साइटसाठी उघडलेलं, मग विसरलेलं खातं. दोन वर्षं ग्राहकाकडून व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय ठरवते. तशीच दहा वर्षं गेली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. विसरलेले पैसेही पुस्तकात हवेत.

याहून अवघड म्हणजे जिथे पत्रच पाठवलं नाही अशी बँक. कारण यादी क्लायंटनं दिलेली असते. ती तपासायला २६एएसमध्ये व्याजावर टीडीएस कापणाऱ्या बँकांची नावं बघा, कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवलेले बोजे बघा, जीएसटी नोंदणीत दिलेलं खातं बघा. यादीत नसलेलं नाव सापडलं की त्या बँकेलाही पत्र जायला हवं.

१०. मुदत कर्जाची शिल्लक दरवर्षी थोडी वेगळीच येते. किती फरक चालतो?

‘थोडा फरक चालतो’ असं उत्तर मी देत नाही, आधी कारण द्या. बहुतेक वेळा हप्ता महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि ६ ते ३१ मार्चचं व्याज एका बाजूनं धरलेलं असतं, दुसऱ्या बाजूनं नाही. दर बदलल्यावर अकाउंटंट जुनाच हप्त्यांचा तक्ता चालवतो, हे दुसरं नेहमीचं कारण. इंड एएस ही लेखामानकं लागू असलेल्या कंपनीत प्रक्रिया शुल्क कर्जाच्या मुदतीवर पसरवलेलं असतं, त्यामुळे लेजरचा आकडा पत्रापेक्षा कमी असणं रास्त आहे. तो फरक मिटवायचा नसतो, फक्त त्याचा तक्ता फाइलला लावायचा.

११. परकीय चलनाचं खातं कसं जुळवायचं?

आधी डॉलर डॉलरशी जुळवा, मग ३१ मार्चच्या दरानं रुपये करा. उलट क्रमानं गेलात तर डॉलरमधली चूक विनिमय फरकात लपून जाते.

१२. बँकेचं उत्तर येतच नाही. क्लायंट म्हणतो, ‘मी शाखेतून आणून देतो.’ घ्यावं का?

माणूस चांगला असतो, शाखेत ओळख असते, मदत करायची इच्छा असते. आणि तरीही ते पत्र कन्फर्मेशन म्हणून धरता येत नाही. क्लायंटच्या हातून आलेला तो एक कागद, एवढीच त्याची किंमत. पाठपुरावा करा, दुसरं पत्र पाठवा, गरज पडली तर स्वतः शाखेत जा. बरोबर क्लायंटचा माणूस आला तरी कागद मॅनेजरच्या हातून तुमच्या हातात यायला हवा. शाखेतल्या संगणकावर ३१ मार्चची शिल्लक समोर बघता आली तर तीही नोंदवा.

मोफत ई-मेल सेवेवरून आलेलं, बँकेचं डोमेन नसलेलं उत्तर हे उत्तर नाही. स्कॅन आलं असेल तर बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारा. तरीही काही हाती आलं नाही तर पर्यायी तपासणी करावी लागते: तुमच्यासमोर नेट बँकिंगचं लॉगिन, एप्रिल-मेचे व्यवहार, ठेवीची मूळ पावती. आणि व्यवस्थापनानं पत्र पाठवायलाच नकार दिला तर तो पोस्टाचा प्रश्न उरत नाही. कारण विचारा. ते पटलं नाही तर विषय संचालक मंडळाकडे आणि पुढे अहवालापर्यंत जातो.

१३. सत्यममध्ये नेमकं हेच झालं होतं का?

बरंचसं हेच. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यमच्या अध्यक्षांनी कबूल केलं की सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. अस्तित्वात नसलेलं ३७६ कोटींचं व्याजही येणं म्हणून दाखवलं होतं. अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ऑडिटर फर्मवर कारवाई केली. त्यातला एक ठळक ठपका असा की कन्फर्मेशनची पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं हे काम कंपनीच्या व्यवस्थापनाच्या हाती सोडलं गेलं होतं. प्रश्न २ मधली प्रक्रिया नुसता शिष्टाचार वाटत असेल तर हे आकडे पुन्हा वाचा.

१४. चूक बँकेच्याच पत्रात असेल तर?

असते, आणि वाटतं त्याहून जास्त वेळा. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे ३१ मार्चऐवजी पत्र दिलं त्या दिवसाची शिल्लक. त्यानंतर एखादी एफडी वगळणं, दुसऱ्या शाखेतलं खातं न धरणं, मिळत्याजुळत्या नावाच्या भगिनी कंपनीचं खातं घुसवणं. स्टेटमेंटमधली ३१ मार्चची शिल्लक आणि पत्र यांत फरक दिसला की आधी पत्रावरची ‘रोजी’ची तारीख वाचा.

चूक सापडली तर पेनानं दुरुस्त करून घेऊ नका, आणि क्लायंटलाही दुरुस्त करून आणायला सांगू नका. बँकेकडून सुधारित पत्र पुन्हा थेट मागवा आणि जुनंही फाइलला ठेवा. पुढच्या वर्षी विनंतीचं पत्र लिहिताना तारीख ठळक करा आणि सोबत खाते क्रमांकांची यादी देऊन खाली एक ओळ घाला: ‘या यादीबाहेर कंपनीची अन्य खाती, ठेवी वा कर्जं असल्यास तीही कळवावीत.’ यादी दिली की शाखा तेवढीच भरून देते, म्हणून ही ओळ लागते.